सात कोटींचा मेगाहर्ट्झ, चार हजार कोटींचा मेगाहर्ट्झ

२०२२च्या जुलै महिन्यात ५जीच्या लहरींचा लिलाव सुरू झाला, तेव्हा सरकारने बोलीसाठी काही किमान किमती ठरवल्या होत्या. संपूर्ण देशासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक मेगाहर्ट्झ हवा असेल तर ३,९२७ कोटी रुपये. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तोच ३१७ कोटींना. आणि २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे २६,००० मेगाहर्ट्झच्या आसपास, फक्त ६ कोटी ९९ लाखांना. पहिल्या पट्ट्यात लहरींची जोडी मिळते, एक फोनकडे येणारी आणि एक फोनकडून जाणारी, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. पण जोडीचा हिशेब धरून निम्मे केले तरी फरक पावणेतीनशे पटींच्या वर जातो.

मोजायचे एकक तेच, देश तोच, मग भावात एवढी तफावत का? याचे उत्तर सहसा एका वाक्यात देतात: कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतीतून पार होते, जास्त फ्रिक्वेन्सीची लहर जास्त डेटा वाहते. वाक्य बरोबर आहे. पण ते ऐकून अनेकांचा असा समज होतो की कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरीत काहीतरी जास्त दम असतो आणि जास्त फ्रिक्वेन्सीची लहर हवेतच विरून जाते. तसे काही नाही. मोकळ्या हवेत दोन्ही लहरी जवळजवळ सारख्याच जातात.

आधी लांबीचा हिशेब. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७० कोटी हेलकावे. तीन लाख किलोमीटरला ७० कोटींनी भागले की एका हेलकाव्याची लांबी निघते, साधारण ४३ सेंटिमीटर. ३५०० मेगाहर्ट्झला ती साडेआठ सेंटिमीटर होते, तर २६ गिगाहर्ट्झला जेमतेम सव्वा सेंटिमीटरही भरत नाही. पुढचे जवळजवळ सगळे या तीन लांब्यांतून निघते.

टॉवरवरून निघालेली शक्ती फुगत जाणाऱ्या गोलावर पसरत जाते. अंतर दुप्पट झाले की ती चौपट क्षेत्रावर पसरते, म्हणून चौरस सेंटिमीटरमागे एक चतुर्थांश उरते. यात फ्रिक्वेन्सीचा काहीच संबंध नाही. संबंध येतो तो फोनमधल्या अँटेनापाशी. साधा अँटेना लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्या मापाचा असतो, आणि तो आजूबाजूच्या किती क्षेत्रातली शक्ती गोळा करू शकतो हे त्या लांबीच्या वर्गावर ठरते. ७०० मेगाहर्ट्झचा असा अँटेना सुमारे २४० चौरस सेंटिमीटरमधली शक्ती टिपतो. ३५००चा अँटेना साडेनऊ चौरस सेंटिमीटरमधली. २६ गिगाहर्ट्झचा तर चौरस सेंटिमीटरचा जेमतेम सहावा हिस्सा, करंगळीच्या नखाहूनही कमी.

म्हणजे टॉवरने तिन्ही लहरी सारख्याच ताकदीने सोडल्या, मध्ये भिंत नाही, झाड नाही, तरीही ३५००च्या अँटेनाला ७००च्या तुलनेत पंचविसावा भाग मिळतो आणि २६ गिगाहर्ट्झला सुमारे चौदाशेवा. लहर वाटेत हरवली नाही. ती फोनपर्यंत आली, पण घ्यायला हात तोकडा पडला.

हे नीट कळले की उपायही कळतो: एकाऐवजी अनेक अँटेना लावा. लहर आखूड असली की अँटेनाही लहान आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतात. आठ ओळी आणि आठ रांगा, असे ६४ अँटेना ३५०० मेगाहर्ट्झसाठी लावायचे तर सुमारे ३५ सेंटिमीटरचा चौरस पुरतो. ७००साठी तेवढेच लावायचे तर एका बाजूला पावणेदोन मीटर लागतील, आणि एवढे धूड गच्चीवरच्या खांबावर वाऱ्यापावसात कोण उभे करणार? ५जीच्या टॉवरवर हल्ली दिसणाऱ्या चपट्या, जाडसर पेट्यांत नेमका हाच ताफा असतो. तो सगळीकडे शक्ती उधळत नाही, ती एका झोतात गोळा करून फोनच्या दिशेने वळवतो. त्यामुळे मोकळ्या जागेत ३५००चा तोटा बराच भरून निघतो. मात्र भिंत आडवी आली की हा उपाय कमी पडू लागतो.

रेडिओलहर काँक्रीटमध्ये शिरते तेव्हा तिच्यातले विद्युतक्षेत्र काँक्रीटमधल्या ओलाव्याला आणि क्षारांना हलवते. दर हेलकाव्यामागे थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. दर हेलकाव्याची ही तूट ढोबळमानाने सारखीच असते, म्हणून प्रश्न एवढाच उरतो की भिंतीच्या जाडीत किती हेलकावे मावतात. काँक्रीटमध्ये लहर मंदावते आणि तिची लांबी निम्म्याहून कमी होते. वीस सेंटिमीटर जाडीची भिंत घेतली तर तिच्यात ७०० मेगाहर्ट्झचा साधारण एक हेलकावा मावतो, ३५००चे पाच, आणि २६ गिगाहर्ट्झचे चाळीसच्या आसपास. एकदा तूट सोसायची की चाळीस वेळा, एवढाच फरक. आणि ही तूट बेरजेने वाढत नाही, ती गुणाकाराने वाढते. उरलेल्यातला काही हिस्सा गेला, मग त्याच्यातून उरलेल्यातला पुन्हा तेवढाच, असे ते चालते.

मोबाइलची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या आंतरराष्ट्रीय संघटनेने टॉवरच्या आखणीसाठी यावर सोपी सूत्रे दिली आहेत. त्यांच्या हिशेबाने काँक्रीटच्या भिंतीतून ७०० मेगाहर्ट्झचा सहावा भाग आत येतो. ३५००चा ऐंशीवा. आणि २६ गिगाहर्ट्झचा सुमारे आठ हजार कोटींतला एक. शेवटचा आकडा व्यवहारात शून्यच समजायचा. २६ गिगाहर्ट्झची लहर घरात येते ती भिंतीतून नाही, उघड्या खिडकीतून किंवा साध्या काचेतून. साध्या काचेतून तिचा पाचवा भाग आत येतो, म्हणजे तशी काच तिला फार अडवत नाही. पण पुढे माणूस उभा राहिला, फोन धरलेल्या हाताचा तळवा आड आला किंवा अंगणातल्या आंब्याची फांदी मध्ये आली, तरी ती तुटते.

आता दोन्ही हिशेब एकत्र करू. टॉवर अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि तुम्ही एका काँक्रीटच्या भिंतीआडच्या खोलीत बसला आहात. अँटेनाच्या मापामुळे ३५००ला ७००च्या पंचवीस पट कमी मिळाले, भिंतीमुळे आणखी तेरा पट कमी. एकूण सव्वातीनशे पट. टॉवरवरच्या ताफ्याने यातले थोडे भरून काढले, तरी आणखी एक भिंत आली की पुन्हा तेरा पट गेले. मधल्या बेडरूममध्ये किंवा न्हाणीघरात ५जी जाऊन फोन खालच्या पट्ट्यावर उतरतो, त्याचे कारण हे.

डोंगराआडची गोष्टही याच मापांशी जोडलेली आहे. लहर अडथळ्याच्या कडेवरून थोडी वळते आणि मागच्या सावलीत झिरपते. लहर जितकी लांब, तितकी ती जास्त वळते. घाटाखालच्या वाडीला सड्यावरचा टॉवर दिसत नसला तरी ७००ची लहर कडेवरून वाकून तिथे काही प्रमाणात पोचते. ३५००ची तिच्या पाचव्या हिश्शानेच. ग्रामीण महाराष्ट्रात एका टॉवरने चार वाड्या सांभाळायच्या असतील तर खालच्या पट्ट्याला पर्याय नाही, आणि ३,९२७ कोटींच्या भावातला मोठा भाग या न बांधाव्या लागणाऱ्या टॉवरांचा आहे. अर्थात तोही भाव आधीच्या मानाने स्वस्तच. २०१६च्या लिलावात याच एका मेगाहर्ट्झची किमान किंमत ११,४८५ कोटी होती आणि एकही खरीदार पुढे आला नाही. २०२१मध्ये ती उतरवली, तरीही पट्टा पडून राहिला. २०२२मध्ये एका कंपनीने, जिओने, तो घेतला.

पावसाबद्दल मात्र उगाच बोलबाला आहे. २६ गिगाहर्ट्झची लहर पावसात टिकत नाही असे सर्रास म्हणतात. तासाला ५० मिलिमीटरच्या मुसळधार पावसात तिचा एका किलोमीटरमागे सहावा भाग उरतो हे खरे. पण या पट्ट्याचे टॉवर मुळात दोनशे-तीनशे मीटरच्या टापूसाठीच असतात, आणि दोनशे मीटरमध्ये त्याच पावसात सत्तर टक्के शक्ती उरते. पावसापेक्षा समोरच्या इमारतीची भिंत किती तरी वाईट.

आता नाण्याची दुसरी बाजू: वरच्या पट्ट्यात जास्त डेटा का जातो? फ्रिक्वेन्सी जास्त म्हणून हेलकावे जास्त आणि हेलकावे जास्त म्हणून डेटा जास्त, असे उत्तर बऱ्याचदा ऐकू येते. ते चुकीचे आहे. घरातल्या राउटरवर हे पडताळून पाहता येते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, दोन्हींची वायफाय पिढी एकच आहे ना ते पाहा, राउटरजवळ बसा आणि शेजाऱ्यांचा गोंगाट नसेल अशा वेळी वेग मोजा. तो जवळपास सारखाच येतो. हेलकाव्यांची संख्या दुप्पट असून काही फायदा झाला नाही. आता ५ गिगाहर्ट्झच्या बाजूला चॅनेलची रुंदी ८० करा. वेग तिप्पट-चौपट होईल. डेटा ठरतो तो फ्रिक्वेन्सीच्या उंचीवर नाही, पट्ट्याच्या रुंदीवर.

याचा नियम क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली मांडला. एका पट्ट्यातून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जातील हे तो सांगतो:

C = B × log₂(1 + S/N)

यात B म्हणजे पट्ट्याची रुंदी आणि S/N म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे तो आकडा. मध्यवर्ती फ्रिक्वेन्सी किती, हे या सूत्रात कुठेच येत नाही. सिग्नल गोंगाटाच्या शंभर पट आहे असे धरले तर दर हर्ट्झमागे सेकंदाला ६.६६ बिट जातात. ताकद दुप्पट करून सिग्नल दोनशे पट केला तर ७.६५. म्हणजे वीज दुप्पट जाळून वेग वाढला तो पंधरा टक्के. उलट रुंदी दुप्पट मिळाली आणि सिग्नल गोंगाटाच्या तेवढाच वर राहिला तर वेग सरळ दुप्पट. म्हणून कंपन्या ताकदीच्या मागे लागत नाहीत, रुंदीच्या मागे लागतात.

जिओच्या २०२२च्या खरेदीत हे हिशेब अगदी उघडे दिसतात. ७००च्या पट्ट्यात १० मेगाहर्ट्झची जोडी, किंमत सुमारे ३९,२७० कोटी. ३३००च्या पट्ट्यात १०० मेगाहर्ट्झ, सुमारे ३१,७०० कोटी. २६ गिगाहर्ट्झमध्ये १००० मेगाहर्ट्झ, सुमारे ७,००० कोटी. दहा, शंभर, हजार. वरच्याच शंभर पट सिग्नलला शॅननच्या सूत्राने कमाल वेग निघतो पहिल्यात सेकंदाला ६६ मेगाबिट, दुसऱ्यात ६६६ मेगाबिट, तिसऱ्यात साडेसहा गिगाबिट. प्रत्यक्षात शेवटचे दोन पट्टे येण्याजाण्याला आळीपाळीने वापरावे लागतात आणि काही भाग नियंत्रणाच्या संदेशांत जातो, म्हणून आकडे यापेक्षा कमी येतात. एका टॉवरवर एकाच वेळी बसलेल्या सगळ्यांत हा वेग वाटला जातो, हेही विसरून चालणार नाही. गर्दीच्या वस्तीत पहिल्यातले ६६ मेगाबिट पन्नास जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मेगाबिट येतो, आणि त्यात बरा व्हिडिओही चालत नाही.

मग ७००च्या आसपासच १००० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा का घेत नाहीत? कारण तेवढी जागाच नाही. शून्यापासून एक गिगाहर्ट्झपर्यंतची सगळी रेडिओसृष्टी मोजली तरी ती बरोबर १००० मेगाहर्ट्झ भरते, आणि त्यात आकाशवाणीची मध्यम लहर आहे, ८८ ते १०८ची एफएम आहे, विमानांचा संवाद आहे, टीव्ही आहे, पोलिसांचे वॉकीटॉकी आहेत, जुने मोबाइल पट्टे आहेत. दादरमध्ये मोकळा भूखंड शोधावा तशी इथली गत आहे. दहा मेगाहर्ट्झचा तुकडा सुटला तरी नशीब. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र २४.२५ ते २७.५पर्यंत, म्हणजे एकटाच सव्वातीन हजार मेगाहर्ट्झ रुंद आहे. एका कंपनीने तिथे घेतलेला तुकडाच खालच्या सगळ्या जगाएवढा आहे. शिवाय अँटेना आणि फिल्टर साधारण स्वतःच्या फ्रिक्वेन्सीच्या काही टक्के रुंदीपर्यंतच नीट काम करतात. ७००वर १० मेगाहर्ट्झ म्हणजे दीड टक्का. २६ गिगाहर्ट्झवर १००० म्हणजे चार टक्क्यांहून कमी. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही तुकडे बेताचेच.

आणि लहर दूर जात नाही, हा दोष इथे गुण ठरतो. २६ गिगाहर्ट्झचा टॉवर दोनशे मीटरवर संपतो म्हणून त्यापुढच्या गल्लीत तोच पट्टा दुसऱ्या टॉवरला पुन्हा वापरता येतो. ७००चा टॉवर काही किलोमीटर ऐकू येतो, म्हणून तेवढ्या टापूतल्या सगळ्यांना तेच दहा मेगाहर्ट्झ वाटून घ्यावे लागतात. स्टेडियममध्ये किंवा रेल्वेस्थानकात लांब जाणारी लहर नकोच असते.

या गणिताचे दुसरे टोक पाहायचे तर तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ जावे लागेल. तिथल्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदल तळावरून १८.२ किलोहर्ट्झवर पाणबुड्यांशी बोलतात. एका हेलकाव्याची लांबी साडेसोळा किलोमीटर. खाऱ्या पाण्यात मोबाइलची लहर काही सेंटिमीटरांत मरते. ही काही मीटर आत जाते आणि पृष्ठभागाखालच्या पाणबुडीला ऐकू येते. पण तिथे एकूण फ्रिक्वेन्सीच १८ किलोहर्ट्झ, म्हणून रुंदी मिळते ती नाममात्र. अक्षरांचे आखूड संदेश जातात, माणसाचा आवाजही जात नाही.

आता एक गोष्ट या सगळ्याच्या उलट जाते, आणि ती सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. कमी फ्रिक्वेन्सीची लहर नेहमीच भिंतीतून पार होते असा नियम असता तर आकाशवाणीची मध्यम लहर इमारतीत सगळ्यात चांगली ऐकू यायला हवी. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. तिथे एका हेलकाव्याची लांबी जवळपास ३८० मीटर. प्रत्यक्षात आरसीसीच्या इमारतीत ट्रान्झिस्टर खिडकीशी न्यावा लागतो आणि एफएम मात्र आतल्या खोलीतही वाजते. कारण काँक्रीटच्या पोटात सळ्यांची जाळी असते. जाळीची भोके लहरीच्या तुलनेत फार लहान असली की ती जाळी लहरीला अखंड पत्र्यासारखी भासते.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महादुर्बीण, जीएमआरटी, याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत आणि त्यांत पत्रा नाही, बारीक तारेची जाळी आहे. अवकाशातून येणाऱ्या हातभर ते काही मीटर लांबीच्या लहरी त्या जाळीवरून आरशासारख्या परततात, वारा मात्र आरपार जातो. गोविंद स्वरूप यांनी ही युक्ती केली म्हणून एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या.

इमारतीतली सळ्यांची जाळी १५-२० सेंटिमीटरची असते. साडेआठ सेंटिमीटरची लहर तिच्या भोकांतून सहज निसटते; ४३ सेंटिमीटरच्या लहरीला ती बरीच जाचते; ३८० मीटरच्या लहरीला ती बंद दरवाजा आहे. म्हणून भिंतीतल्या काँक्रीटचा हिशेब वेगळा आणि धातूचा वेगळा. लिफ्टच्या पेटीत कोणताच पट्टा नीट येत नाही. आणि नव्या कार्यालयांच्या चकचकीत काचा, ज्यांच्यावर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो, त्या तर ७००ची लहरही दोनशेव्या भागावर आणतात. काँक्रीटच्या भिंतीपेक्षा तशी काच ७००ला तीस-पस्तीस पट जास्त अडवते. अशा इमारतीत रेंज हवी असेल तर महागडा खालचा पट्टा कामाचा नाही. आतच छोटे अँटेना लावावे लागतात.

तुमच्या घरातली तक्रार नेमकी कुठल्या जातीची आहे हे ओळखता येते. अनेक अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` आणि आयफोनवर `*3001#12345#*` डायल केले की सिग्नलचा खरा आकडा dBm या एककात दिसतो. तो ऋण असतो. -85च्या आसपास चांगला, -115च्या पुढे अगदीच क्षीण. आयफोनवर आणि काही अँड्रॉइड फोनवर पट्ट्याचा क्रमांकही दिसतो: n28 म्हणजे ७००, n78 म्हणजे ३३००चा पट्टा. आकडा -85 आहे, पट्टा n28 आहे आणि तरी व्हिडिओ अडकतो, तर रेंजचा दोष नाही. अरुंद पट्ट्यावर गर्दी झाली आहे. राउटर हलवून किंवा खिडकीत उभे राहून फरक पडणार नाही, n78 पकडेल अशा खोलीत जावे लागेल. आकडा -115 आहे आणि पट्टा n78, तर भिंत आड येते आहे. समोरच्याचा आवाज स्पष्ट येतो पण तुमचा त्याला तुटक जातो, असे झाले तर अडचण फोनच्या बाजूची: टॉवर कित्येक दहा वॅटने बोलतो, फोन जेमतेम पाव वॅटच्या आत, म्हणून परतीची वाट नेहमी आधी तुटते.

फोनवरच्या काड्या फक्त सिग्नलची ताकद सांगतात. रुंदी आणि गर्दी त्यांना कळत नाही. कंपनीकडे तक्रार करताना काड्या सांगू नका. खोली, वेळ, dBm आणि पट्ट्याचा क्रमांक लिहून द्या.